अब्बांचे शेअर आणि चाचांचा नकार

(अंबरनाथ येथे तरुण मुला-मुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मी मिरासीवर बोलणार आहे, पण जमिनीच्या किंवा घराच्या नाही. त्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. मी बोलणार आहे शेअरवर, आणि तेही शेअर बाजारातल्या नाही. आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत, उल्हासनगरच्या गल्ल्यांत अनेक छोटे कारखाने आहेत, ज्यांच्या पाटीवर शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड' असं लिहिलेलं असतं. आत बघितलं तर दोन भाऊ असतात, किंवा बाप आणि मुलगा, किंवा दोन दोस्त. बँकेचं कर्ज मिळावं म्हणून, नाहीतर मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून कधीतरी कंपनी केलेली असते. शेअर सर्टिफिकेटं सीएच्या फायलीत पडून असतात. कारखाना 'आपला' आहे एवढंच घरच्यांना माहीत असतं.

मग एक भाऊ जातो. चाळीसवा होतो. घरच्यांनी विषय काढला की चाचा म्हणतात, "कंपनी आहे, कुठे पळून जातेय? मी आहे ना." चाचा वाईटच असतात असं मी म्हणत नाही. पण कायद्याच्या नजरेत त्या दिवशी काय झालेलं असतं आणि काय व्हायचं बाकी असतं, ते तुम्हाला ठाऊक हवं. त्यासाठी मी एक उदाहरण घेते आणि शेवटपर्यंत तेच चालवते. माणसं कल्पित आहेत, आकडे सोयीचे आहेत.

समजा कंपनीचे एकूण १०,००० शेअर आहेत. धाकट्या भावाकडे ५,२००, थोरल्याकडे ४,८००. दोघेच सभासद, दोघेच संचालक. थोरला वारला. मागे त्याची आई, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. मृत्युपत्र नाही. कर्ज, मेहेर वगैरे देऊन झालंय असं धरू. हनफी हिशेबाने आईला एक षष्ठांश म्हणजे ८०० शेअर, बायकोला एक अष्टमांश म्हणजे ६००. उरले ३,४००. ते मुलगा दोन, मुलगी एक या प्रमाणात वाटले की प्रत्येक मुलाला १,३६० आणि मुलीला ६८०. बेरीज करून बघा, ४,८०० येते. खऱ्या आयुष्यात हिशेब इतका सरळ येत नाही. अपूर्णांक उरतात आणि अर्धा शेअर कुणाच्या नावावर चढत नाही, तेव्हा उरलेले एक-दोन शेअर दोघांच्या नावाने ठेवावे लागतात.

या हिशेबातली आजी बहुतेक वेळा विसरली जाते. बाप गेला म्हणजे बायको आणि मुलं वारस, अशी आपली समजूत असते. पण आई हयात असेल तर तिचा वाटा ठरलेला आहे. आणि पुढे आजी वारली की तिचे ते ८०० शेअर तिच्या वारसांकडे जातात. त्यात हेच चाचा असतात.

आता मुख्य गोष्ट. हे शेअर वारसांचे कधी झाले? मुस्लीम कायद्यात मालकी मृत्यूच्या क्षणी, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या हिश्शासह वारसांकडे जाते. कंपनीने मालकी 'द्यायची' नसते. कंपनीने फक्त आपल्या सभासद नोंदवहीत मयत माणसाच्या जागी वारसांची नावं लिहायची असतात. याला ट्रान्समिशन म्हणतात. ट्रान्सफर वेगळी. ट्रान्सफर म्हणजे जिवंत माणसाने विकून किंवा बक्षीस देऊन केलेलं हस्तांतरण. त्याला एसएच-४ नावाचा फॉर्म लागतो, स्टॅम्प लागतो, दोघांच्या सह्या लागतात. ट्रान्समिशनला हा फॉर्म लागत नाही आणि मेलेल्या माणसाची सही कुणी मागू शकत नाही. कंपनी कायदा २०१३, कलम ५६ हेच सांगतं: वारसाने सूचना दिली की तिच्यावर कंपनी नोंद करू शकते, आणि नोंद झाली की सूचनेपासून एका महिन्यात नव्या नावाने सर्टिफिकेट द्यायचं.

मालकी आधीच आली असेल तर नोंदीची घाई कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण नोंद होईपर्यंत मत देता येत नाही. बहुतेक छोट्या कंपन्यांनी कायद्यासोबतची 'टेबल एफ' ही तयार नियमावली जशीच्या तशी घेतलेली असते. तिच्यात म्हटलंय की वारसाला लाभांश मिळू शकतो, पण नोंदीआधी सभेत मतदान नाही. आता आपल्या उदाहरणात बघा. थोरल्याचं कुटुंब एकत्र राहिलं तर त्यांच्याकडे ४८ टक्के आहेत. कंपनीची नियमावली बदलायची तर विशेष ठराव लागतो आणि त्याला विरोधाच्या तिप्पट मतं लागतात. म्हणजे ४८ टक्केवाले तो अडवू शकतात. पण त्यांची नावंच नोंदवहीत नाहीत. चाचांनी या काळात नवे १०,००० शेअर काढले असं समजा. सध्याच्या सभासदांना देऊ केलेल्या शेअरचं पत्र मयत भावाच्या नावाने जातं, मुदत थोड्या दिवसांची असते, कुणाला कळतही नाही, आणि ते सगळे शेअर चाचा घेतात. आता त्यांच्याकडे १५,२०० आणि कुटुंबाकडे ४,८००. टक्केवारी ७६ आणि २४. यापुढे विशेष ठराव अडवता येणार नाही. एकही शेअर कुणी हिसकावला नाही, तरी कुटुंबाचा आवाज गेला. असं केलेलं कोर्टात आव्हान देता येतं, पण ते वर्षानुवर्षं चालतं. म्हणून नोंद आधी.

आता नकाराकडे येऊ. खासगी कंपनीचे संचालक नोंद नाकारू शकतात का? हो, काही वेळा. खासगी कंपनीची व्याख्याच अशी आहे की ती आपल्या नियमावलीने शेअरच्या हस्तांतरणावर बंधन घालते. पण ते बंधन नेमकं काय आहे, हे त्या कंपनीच्या आर्टिकल्समध्ये म्हणजे नियमावलीत वाचावं लागतं. चाचांच्या तोंडून ऐकून चालत नाही. टेबल एफ म्हणतं की वारसाच्या नोंदीबाबत संचालकांना तेवढाच अधिकार आहे, जेवढा मयताने जिवंतपणी ते शेअर हस्तांतरित केले असते तर असता. आणि हस्तांतरण नाकारायची टेबल एफमधली खरी कारणं दोनच. एक, शेअरची पूर्ण रक्कम भरलेली नाही आणि नवा माणूस संचालकांना मान्य नाही. दोन, त्या शेअरवर कंपनीचं येणं आहे. शेअर पूर्ण भरलेले असतील आणि येणं नसेल, तर टेबल एफ घेतलेल्या कंपनीत चाचांच्या हातात फारसं काही उरत नाही. पुरावा मागणं मात्र त्यांच्या हातात आहे. त्यावर पुढे बोलते.

काही कंपन्यांनी टेबल एफ बदलून कडक वाक्यं घातलेली असतात. 'संचालक आपल्या पूर्ण मर्जीने, कारण न देता, नोंद नाकारू शकतील.' हे वाक्य वाचून माणसं खचतात. खचू नका. कलम ५८ सांगतं की खासगी कंपनीने नोंद नाकारली, मग ती नियमावलीतल्या अधिकाराने असो की आणखी कशाने, तर सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नकाराचं पत्र पाठवायचं आणि त्यात कारणं द्यायची. कायद्यापुढे नियमावलीतलं 'कारण न देता' चालत नाही. आणि कारण दिलं की ते तपासता येतं. याचा जुना निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे, बजाज ऑटो विरुद्ध फिरोदिया, सुप्रीम कोर्ट, १९७०. तिथेही नियमावलीत संचालकांना पूर्ण मर्जीचा अधिकार होता आणि प्रकरण ट्रान्सफरचं होतं. कोर्टाने सांगितलं की असा अधिकारही कंपनीच्या हितासाठी, प्रामाणिकपणे वापरायचा असतो. मनात दुसराच हेतू ठेवून किंवा चुकीच्या तत्त्वावर तो वापरलेला चालत नाही. 'भावजय आम्हाला आवडत नाही', 'मुलगी लग्न होऊन गेली, जावई कंपनीत येईल', ही कंपनीच्या हिताची कारणं नाहीत. घरातला राग कंपनीच्या लेटरहेडवर लिहिल्याने तो संचालकांचा निर्णय होत नाही.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. काही नियमावलींत लिहिलेलं असतं की सभासद वारला तर त्याचे शेअर आधी बाकीच्या सभासदांना ठराविक पद्धतीने काढलेल्या किमतीला द्यावेत. असं स्पष्ट कलम असेल तर ते वारसांवरही चालू शकतं आणि मग भांडण किमतीवर येतं. पण कलम फक्त 'ट्रान्सफर'बद्दल असेल तर ते ट्रान्समिशनला आपोआप लागू होत नाही. म्हणून पहिलं काम नियमावली मिळवणं. कंपनीकडे मागा. मिळाली नाही तर mca.gov.in वर थोडी फी भरून कंपनीचे सार्वजनिक कागद बघता येतात. त्यात नियमावली असते आणि दरवर्षीच्या विवरणात सभासदांची यादीही असते.

आता पुरावा. इथे मी चाचांची बाजू घेणार आहे. समोर आलेली माणसंच वारस आहेत, एवढेच वारस आहेत, हे संचालकांना कसं कळावं? उद्या दुसरी बायको उभी राहिली, किंवा भावाने जिवंतपणी शेअर कुणाला हिबा केले होते असा दावा आला, तर नोंद करणारी कंपनी अडचणीत येते. म्हणून नियमावली संचालकांना योग्य तो पुरावा मागू देते. तहसीलदाराच्या कचेरीतला वारस दाखला आणि स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र यावर काही कंपन्या नोंद करतात, विशेषतः घरात वाद नसेल तर. पण वाद असेल तर संचालकांनी सक्सेशन सर्टिफिकेट म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागणं रास्त आहे. ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली दिवाणी न्यायालय देतं. 'हा कायदा मुसलमानांना लागत नाही' असं कुणी सांगेल. ते अर्धंच खरं आहे. हिस्से कसे पडतात ते आपल्याला शरियतप्रमाणे ठरतं, त्या कायद्याने नाही. पण प्रमाणपत्राचा भाग सगळ्यांना आहे आणि त्यात कंपनीच्या शेअरचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्ज मयत माणूस जिथे राहत होता तिथल्या न्यायालयात करायचा. आपल्या भागातल्या माणसाला त्यासाठी बहुधा कल्याणच्या कोर्टाची पायरी चढावी लागते. नोटीस निघते, पेपरात छापून येते, हरकतीची वाट बघितली जाते, मग प्रमाणपत्र. विरोध नसला तरी काही महिने जातात. पण एकदा ते हातात आलं की त्यावर भरवसा ठेवून नोंद करणाऱ्या कंपनीला कायद्याचं संरक्षण मिळतं. मग 'आम्हाला खात्री नाही' हे कारण संपतं.

इथे अनेकजण म्हणतात, "अब्बांनी मोठ्या मुलाला नॉमिनी केलं होतं, मग प्रमाणपत्र कशाला? शेअर त्याचेच." यावर कालनिर्णयकार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातला खटला वाचा. साळगावकर २०१३ साली वारले. २०११ चं मृत्युपत्र होतं आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमलेले होते. नॉमिनींचं म्हणणं होतं की कायद्याच्या शब्दांप्रमाणे मालकी आमच्याकडे आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते मानलं नाही, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टानेही नाही. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या नावाने तो निकाल आहे. नॉमिनीमुळे कंपनीची सोय होते, कुणाशी व्यवहार करायचा ते तिला कळतं. पण वारसा वारसा कायद्यानेच ठरतो. आपल्या उदाहरणात मोठा मुलगा नॉमिनी असेल आणि ४,८०० शेअर त्याच्या नावावर चढले, तरी त्यातले त्याचे १,३६०. बाकीचे तो आजी, अम्मी, भाऊ आणि बहिणीसाठी धरून आहे. बहिणीचे ६८० त्याच्या नावावर दिसतात म्हणून ते त्याचे झाले नाहीत.

बहिणींचा विषय निघालाच आहे तर सांगते. नोंदीच्या वेळी बहिणीपुढे एक 'ना हरकत' कागद ठेवला जातो. 'माझा वाटा भावाच्या नावे नोंदवण्यास हरकत नाही.' ती सही करते, कारण प्रसंग तसा असतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी तिचे ६८० शेअर तिच्या नावावर चढू द्या. मग तिला भावाला द्यायचे असतील तर ती एसएच-४ भरून, स्टॅम्प लावून देईल, आणि काय दिलं ते तिला माहीत असेल. हा जास्तीचा खर्च फार नाही. जी बहीण मनापासून देणार आहे ती दोन महिन्यांनीही देईल.

आता पत्रव्यवहार. आधी कंपनीला साधं पत्र लिहा: सभासद अमुक तारखेला वारले, नियमावलीची प्रत द्या आणि नोंदीसाठी कोणते कागद हवेत ते कळवा. यात नोंदीची मागणी करू नका, फक्त विचारणा करा. कारण नोंदीची रीतसर सूचना दिली की घड्याळ सुरू होतं, आणि ते तुमचे कागद तयार असताना सुरू व्हावं. प्रमाणपत्र मिळालं की मग रीतसर सूचना. त्यात मृत्यूचा दाखला, प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत, प्रत्येक वारसाचं नाव, पॅन आणि शेअरची संख्या, आणि मूळ शेअर सर्टिफिकेट. सर्टिफिकेट कंपनीच्याच कपाटात असेल, आणि बहुतेकदा असतंच, तर तसं पत्रात लिहा. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने पाठवा आणि पावती सांभाळा. पुढचं सगळं त्या पावतीवरच्या तारखेवर चालतं. कारखाना मोठा असेल, म्हणजे कायद्याच्या व्याख्येतली 'लहान कंपनी' नसेल, तर आता शेअर डिमॅट असणं बंधनकारक आहे. मग प्रत्येक वारसाला डिमॅट खातंही लागेल.

समजा सूचना ३ जूनला पोचली. कंपनीने ३ जुलैपर्यंत नोंद करायची, नाहीतर कारणांसह नकार पाठवायचा. नकाराचं पत्र तुम्हाला १ जुलैला मिळालं, तर मिळाल्यापासून ३० दिवस, म्हणजे ३१ जुलैपर्यंत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अपील करायचं. लोक त्याला एनसीएलटी म्हणतात. आपल्यासाठी त्याचं मुंबईचं खंडपीठ. कंपनीने काहीच उत्तर दिलं नाही तर? तर सूचना पोचल्यापासून ६० दिवस, म्हणजे २ ऑगस्टपर्यंत. सगळ्यात जास्त घरं इथे फसतात. नकाराला आपण लगेच उत्तर देतो, पण गप्प बसलेल्या चाचांची आपण वाट बघत राहतो. 'ईदनंतर बसू', 'ऑडिट झालं की बघू', 'हाजी साहेब मध्यस्थी करतायत.' मध्यस्थी चालू द्या, ती चांगलीच आहे. पण तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्याआधी वकिलाकडे कागद द्या. अपील दाखल केल्याने तडजोड थांबत नाही.

चाचांकडून एक कारण मी अनेकदा ऐकलंय: "मी एकटाच संचालक उरलोय, बोर्डाची मीटिंग होत नाही, नोंद कशी करू?" अर्धं बरोबर आहे. मीटिंगला किमान दोन संचालक लागतात. पण उरलेल्या संचालकाला संख्या भरून काढण्यासाठी नवा संचालक नेमता येतो, कलम १७४ तेवढी मुभा देतं. म्हणजे अडचण आहे, पण ती सोडवणं चाचांच्याच हातात आहे. हे त्यांना पत्रातच लिहा.

आणि एनसीएलटीकडून काय मिळणार नाही तेही समजून घ्या. वारस कोण, हिबा झाला होता की नाही, मृत्युपत्र खरं की खोटं, असे वाद तिथे सुटत नाहीत. अरुणा ओसवाल विरुद्ध पंकज ओसवाल या २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने वारसाहक्काचा वाद दिवाणी कोर्टात नेण्यास सांगितलं आणि तोवर कंपनीत अन्याय होतोय म्हणून केलेली मुलाची याचिका चालू दिली नाही. उलट वारसाहक्काबद्दल वाद नसेल आणि केवळ नाव चढलं नाही म्हणून कुणी दार बंद करत असेल, तर वर्ल्ड वाइड एजन्सीज या खासगी कंपनीच्या जुन्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नोंदवहीत नाव नसलेले मयत सभासदाचे वारसही अशी याचिका करू शकतात. चाचांनी मधल्या काळात नवे शेअर काढले असतील तर हा रस्ता आठवा. प्रमाणपत्रासाठी कल्याणला घातलेले महिने इथे कामाला येतात. ते हातात असेल तर 'तुम्ही वारस कोण?' हा प्रश्न एनसीएलटीपुढे उरत नाही आणि संचालकांना त्यांच्या नकाराच्या कारणांवरच बोलावं लागतं.

प्रश्नांसाठी वेळ ठेवलाय. ज्यांच्या घरात अशी कंपनी आहे त्यांनी आधी एवढं सांगा: नियमावली कुणी वाचली आहे, आणि शेअर सर्टिफिकेटं कुठल्या कपाटात आहेत?